दुकानात आयकराचा सर्व्हे आला तर : माल कसा मोजतात, फरक कसा निघतो आणि उत्तर काय द्यावे

आर्थिक वर्ष संपत आले की तालुक्याच्या बाजारपेठेत एखाद्या दुकानासमोर सरकारी गाडी थांबते, आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे 'धाड पडली' अशी चर्चा होते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ती धाड नसून सर्व्हे असतो. धाड आणि सर्व्हे यांतला फरक दुकानदाराला माहीत नसल्यामुळे तो दोन टोकांच्या चुका करतो. एक तर घाबरून समोर आलेल्या प्रत्येक कागदावर सही करतो, नाही तर 'माझ्या दुकानात पाय ठेवायचा नाही' म्हणून अंगावर जातो. दोन्हींचे परिणाम पुढे काही वर्षे भोगावे लागतात. म्हणून हा लेख आयकर खात्याच्या सर्व्हेपुरताच, आणि त्यातही मालाच्या मोजणीवर भर देऊन लिहिला आहे. कारण छोट्या दुकानदाराचा कर बहुधा त्या मोजणीतूनच वाढतो.

सर्व्हे म्हणजे काय, आणि धाड म्हणजे काय

सर्व्हे म्हणजे व्यवसायाच्या जागी येऊन हिशोबाची पुस्तके, रोकड आणि माल यांची केलेली पडताळणी. १९६१ च्या आयकर कायद्यात हा अधिकार कलम १३३अ मध्ये होता. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असले तरी या अधिकाराची मूळ चौकट तशीच ठेवली आहे.

या चौकटीला ठरावीक मर्यादा आहेत. व्यवसायाच्या जागेत अधिकाऱ्यांना प्रवेश करता येतो तो दुकान धंद्यासाठी उघडे असण्याच्या वेळेतच. मात्र वेळेत आत आल्यानंतर काम संपले नाही, तर ते रात्री उशिरापर्यंत चालू राहू शकते. 'शटर ओढायची वेळ झाली, आता निघा' असे म्हणता येत नाही. त्यांना पुस्तके तपासता येतात, त्यांवर खुणा करता येतात, उतारे घेता येतात, रोकड आणि माल मोजून यादी करता येते आणि मालकाचा किंवा नोकराचा जबाब नोंदवता येतो. कारण लिहून पुस्तके आणि कागद ताब्यातही घेता येतात, परंतु सुट्टीचे दिवस वगळून पंधरा दिवसांपेक्षा जास्त काळ ठेवायचे असल्यास वरिष्ठांची मंजुरी लागते. रोकड, माल किंवा कोणतीही मौल्यवान वस्तू मात्र सर्व्हेत दुकानाबाहेर नेता येत नाही. कायद्याने ही मनाई अगदी स्पष्ट शब्दांत घातली आहे. सर्व्हेत अंगझडतीचाही अधिकार नाही. धाडीत, म्हणजे झडती-जप्तीत, हे सारे करता येते आणि अधिकारी घरीही येतात.

आलेल्या व्यक्तींचे ओळखपत्र पाहणे, नावे आणि हुद्दे टिपून घेणे आणि सर्व्हेचा लेखी आदेश वाचायला मागणे यात उद्धटपणा काहीच नाही. आदेशावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो, आणि तो आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. तोतया अधिकाऱ्यांची प्रकरणे घडत असल्याने ही पाच मिनिटे जरूर घ्यावीत. लगेच आपल्या सीएला किंवा करसल्लागाराला फोन करावा. तो येऊन बसला तर अधिकारी सहसा हरकत घेत नाहीत, पण तो येईपर्यंत काम थांबवा असा हट्ट मात्र धरता येत नाही.

'मी छोटा दुकानदार, शिवाय पुस्तकेच ठेवत नाही. माझ्याकडे काय मोजणार?'

हा प्रश्न वारंवार विचारला जातो. ठरावीक मर्यादेपर्यंत उलाढाल असलेले अनेक दुकानदार अनुमानित कर योजनेत असतात, म्हणजे रोख विक्रीच्या ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या विक्रीच्या ६ टक्के नफा धरून विवरणपत्र भरतात. त्यांना सविस्तर पुस्तके ठेवण्याची सक्ती नसते. पण त्यामुळे सर्व्हे होत नाही असे नाही. दुकानदार जीएसटीत नोंदलेला असेल तर त्याची खरेदी पुरवठादारांच्या विवरणपत्रांतून आणि विक्री त्याच्या स्वतःच्या विवरणपत्रांतून खात्याला आधीच दिसत असते. त्या दोन आकड्यांवरून दुकानात किती माल असायला हवा याचा अंदाज अधिकारी बांधू शकतात. अशा वेळी पुस्तके नसल्याचा तोटा दुकानदारालाच होतो, कारण त्या अंदाजाला उत्तर द्यायला त्याच्या हातात काहीच नसते.

मालाची मोजणी नेमकी कशी चालते

घरातल्या तांदळाच्या डब्याचा हिशोब जसा असतो तसाच हा आहे. महिन्याच्या सुरुवातीला किती होते, त्यात किती भरले आणि किती शिजवले हे माहीत असेल, तर आज डब्यात किती असायला हवेत हे डबा न उघडताही सांगता येते. मग डबा उघडून मोजायचे आणि दोन्ही आकडे ताडून पाहायचे. दुकानात अडचण एवढीच की विक्री नोंदलेली असते विक्रीच्या भावाने, आणि शिलकी माल धरायचा असतो खरेदीच्या भावाने. त्यामुळे मध्ये नफ्याचे प्रमाण घालून विक्रीचे खरेदी-भावात रूपांतर करावे लागते. वादाचे मूळ बहुतेक वेळा या रूपांतरातच असते.

उदाहरणासाठी एक साड्यांचे दुकान घेऊ. आकडे समजण्यासाठी सोपे ठेवले आहेत. १ एप्रिलला शिलकी माल १८ लाख रुपयांचा होता. सर्व्हेच्या दिवसापर्यंत जीएसटी सोडून खरेदी ४२ लाखांची आणि विक्री ५० लाखांची झाली. मागच्या वर्षांच्या हिशोबानुसार विक्रीवर ढोबळ नफा २० टक्के सुटतो, म्हणजे ५० लाखांत विकलेल्या मालाची खरेदी-किंमत ४० लाख. १८ आणि ४२ मिळून ६० लाख, त्यातून ४० लाख वजा केले की पुस्तकांप्रमाणे दुकानात २० लाखांचा माल असायला हवा.

आता प्रत्यक्ष मोजणी. दोन कर्मचारी कपाटे उघडून गठ्ठे खाली घेतात, एक जण लेबल वाचतो आणि दुसरा लिहून घेतो. साडीच्या लेबलावर विक्रीचा भाव छापलेला असतो आणि खरेदीचा भाव दुकानदाराच्या सांकेतिक अक्षरांत असतो. ती अक्षरे अधिकाऱ्यांना कळत नसल्याने यादीत विक्रीचा भाव चढतो, आणि संध्याकाळी बेरीज येते ३३ लाख ६० हजार. पुस्तकांत २० लाख आणि मोजणीत ३३ लाख ६० हजार, म्हणजे १३ लाख ६० हजारांचा जादा माल, असे दुकानदाराला सांगितले जाते आणि त्याचे पाय लटपटतात.

पण हा आकडा अजून कच्चा आहे. लेबलाच्या भावात ५ टक्के जीएसटी धरलेला आहे. तो काढला की ३३ लाख ६० हजारांचे ३२ लाख होतात. त्यातून २० टक्के नफा काढला की खरेदी-किंमत उरते २५ लाख ६० हजार. फरक १३ लाख ६० हजारांवरून ५ लाख ६० हजारांवर आला, आणि यात कोणीही कोणाला सूट दिलेली नाही. फक्त माल पुस्तकांतल्या मापाने मोजला गेला. म्हणून यादी लिहिली जात असतानाच 'हे विक्रीचे भाव आहेत, जीएसटीसह आहेत, माझे सांकेतिक भाव मी वाचून दाखवतो' हे नम्रपणे सांगावे, आणि यादीच्या शेवटी तशी नोंद करण्याची विनंती करावी. नंतर अपिलात हे सिद्ध करायला दोन-तीन वर्षे जातात.

उरलेल्या ५ लाख ६० हजारांकडे पाहू. गल्ल्याखालच्या खणात खरेदीची पाच बिले पडून आहेत. माल मागच्या आठवड्यात आला, पण बिले टॅलीत चढवायची राहिली. त्यांची रक्कम ३ लाख. हे फरकातून वजा होतात, मात्र त्यासाठी बिलावरची तारीख, वाहतुकीची पावती आणि ई-वे बिल असेल तर तेही जुळले पाहिजे. वरच्या फडताळातल्या भरजरी साड्या १ लाख ६० हजारांच्या आहेत आणि त्या जांगड आणलेल्या आहेत, म्हणजे विकल्या गेल्या तर पैसे द्यायचे नाही तर परत करायच्या. हा माल दुकानदाराच्या मालकीचा नाही. पण हे पटण्यासाठी जांगड वहीत किंवा चलनावर देणाऱ्याचे नाव, तारीख आणि नगांची संख्या असायला हवी. 'तोंडी व्यवहार आहे, तो माणूस सांगेल' या उत्तराला त्या दिवशी फारशी किंमत मिळत नाही.

हे दोन्ही वजा केल्यावर १ लाख रुपये उरतात. गावोगाव फिरणाऱ्या विक्रेत्याकडून रोखीने, बिलाशिवाय घेतलेला हा माल आहे, आणि तो पुस्तकांत नाही. इथे गोष्ट रचण्याचा मोह होतो, पण खोटे बिल मागवून आणणे हा त्या १ लाखापेक्षा कितीतरी मोठा अपराध ठरतो. जे आहे ते मान्य करावे. तेरा लाखांवरून सुरू झालेला वाद एका लाखावर येणे हे पूर्णपणे कागद हाताशी असण्यावर अवलंबून आहे.

माल कमी निघाला तर आनंद मानायचा का?

नाही. पुस्तकांत २० लाख आणि दुकानात १७ लाख निघाले, तर ३ लाखांचा माल बिलाशिवाय विकला असा अर्थ लावला जातो, आणि ही माहिती जीएसटी विभागापर्यंतही जाऊ शकते. तरीही येथे उत्पन्नात भर पडायला हवी ती विक्रीतल्या नफ्याची. संपूर्ण ३ लाख हे उत्पन्न नव्हे, हा मुद्दा सोडू नये. शिवाय तुटीची साधी कारणे असतात. पिको-फॉलला दिलेल्या साड्या, दुसऱ्या गोदामातला माल, पुरवठादाराला परत पाठवलेला पण नोंदायचा राहिलेला माल आणि जुना, डाग पडलेला म्हणून कमी भावाने धरलेला माल यांची खातरजमा त्याच दिवशी करून घ्यावी. जुन्या मालाचे गठ्ठे वेगळे लिहून घ्यावेत, कारण तीन वर्षांपूर्वीची न खपलेली साडी आणि कालची साडी एका भावाने धरली की सगळेच गणित बिघडते.

गल्ल्यातली रोकड

रोकड मोजणी लवकर संपते, पण तिच्यातला फरक जास्त टोचतो. समजा गल्ल्यात ८६,४०० रुपये निघाले आणि रोजमेळात शिल्लक ४१,२५० दिसते. मशीनवर बिले निघाली आहेत पण दोन दिवसांची विक्री रोजमेळात उतरवलेली नाही. ती २८,१५० ची आहे. उरलेले १७,००० भिशीचे आहेत आणि ते दुकानदाराच्या पत्नीने सकाळीच गल्ल्यात ठेवायला दिले आहेत. पहिल्या रकमेला बिलांचा आधार आहे. दुसरीला भिशीची वही किंवा सभासदांच्या नावांची यादी दाखवावी लागेल. घरचे पैसे गल्ल्यात ठेवण्याची सवय मोडणे आणि ठेवलेच तर वेगळ्या पाकिटात, वर चिठ्ठी लावून ठेवणे, हा या बाबतीतला माझा ठाम आग्रह आहे. कारण निम्म्याहून अधिक धांदल याच सरमिसळीतून होते.

प्रश्नांना उत्तरे कशी द्यावीत

सर्व्हेतला जबाब शपथेवर घेतला जात नाही. केवळ अशा जबाबाच्या आधारावर, दुसरा पुरावा नसताना, उत्पन्नात भर घालता येत नाही, असा मद्रास उच्च न्यायालयाने दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम ठेवला. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही १० मार्च २००३ च्या पत्रात आपल्या अधिकाऱ्यांना बजावले आहे की सर्व्हेत कबुलीजबाब मिळवण्याचा प्रयत्न न करता पुरावा गोळा करण्यावर लक्ष द्यावे. याचा अर्थ जबाब हलक्यात घ्यावा असा नाही. जबाबाला यादीची आणि सापडलेल्या कागदांची जोड मिळाली की तो भक्कम होतो, आणि सही केलेले वाक्य मागे घेणे अवघड असते.

सुरुवातीचे प्रश्न साधे असतात. धंदा कधीपासून आहे, गोदामे किती, बँक खाती कोणती, पुस्तके कोण लिहितो, शिलकी माल कोणत्या भावाने धरता, नफा साधारण किती सुटतो. यातला शेवटचा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. दुकानदार सहज 'दहा-बारा टक्के' म्हणतो, कारण त्याच्या मनात खर्च जाता उरणारा नफा असतो. विचारलेला असतो ढोबळ नफा. वरच्या उदाहरणात २० ऐवजी १० टक्के धरले, तर विकलेल्या मालाची किंमत ४० ऐवजी ४५ लाख होते आणि पुस्तकी शिल्लक २० वरून १५ लाखांवर उतरते; दुसऱ्या बाजूला मोजलेल्या ३२ लाखांतून १० टक्केच वजा होऊन २८ लाख ८० हजार उरतात. फरक ५ लाख ६० हजारांचा होता, तो एका बेसावध उत्तराने १३ लाख ८० हजारांवर जातो.

म्हणून आठवत नसेल तर 'नक्की आठवत नाही, पुस्तके पाहून सांगतो' हेच उत्तर द्यावे आणि ते तसेच लिहिले जाईल याकडे लक्ष द्यावे. हे टाळाटाळीचे उत्तर नाही. खरे उत्तर आहे. मात्र माहीत असलेली गोष्ट नाकारू नये, नोकराला पढवू नये आणि कोणताही कागद फाडू किंवा लपवू नये. दुकानात सापडलेले कागद दुकानदाराचेच आहेत आणि त्यातला मजकूर खरा आहे असे कायदा प्रथमदर्शनी गृहीत धरतो. एखादी कच्ची चिठ्ठी दरपत्रकाची असेल, चुलतभावाच्या हिशोबाची असेल किंवा ग्राहकाने विसरलेली असेल, तर ते त्याच वेळी आणि नावानिशी सांगावे.

जबाब मराठीत द्यायचा असल्यास तशी विनंती करावी. इंग्रजीत लिहिला गेला, तर वाचून आणि समजावून घेतल्याशिवाय सही करू नये, आणि चूक दिसली तर दुरुस्ती करून घेऊन तिच्याजवळ सही करावी.

'पाच लाख जाहीर करा आणि मोकळे व्हा' असे म्हटले तर?

रात्री नऊ वाजता, दिवसभर उपाशी असताना हा प्रस्ताव मोहात पाडतो. पण फरकाची कारणे तपासण्याआधी आकडा मान्य केल्यास पुढे सापडलेली बिलेही दुकानदाराच्या मदतीला सहज येत नाहीत. 'मोजणीचा पुस्तकांशी मेळ घालून लेखी खुलासा देतो' असे जबाबात नोंदवण्याची विनंती करावी आणि तो खुलासा काही दिवसांतच कागदपत्रांसह द्यावा.

काही फरक मान्य करायचाच असेल, तर तो कशातून आला हे खरेखुरे सांगणे फार महत्त्वाचे आहे. स्रोत न सांगता जादा माल मान्य केला, तर ती 'अस्पष्टीकृत गुंतवणूक' समजून नेहमीच्या टप्प्यांचा फायदा न देता वेगळ्या, ठरावीक दराने कर लावला जातो. जादा माल दुकानाच्या नेहमीच्या मालातच मिसळलेला होता आणि धंद्याच्याच उत्पन्नातून आला होता, अशा प्रकरणात राजस्थान उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो व्यवसायाचेच उत्पन्न मानला. प्रत्येक प्रकरणात तसेच होईल असे नाही, पण वस्तुस्थिती तशी असेल तर जबाबात ती स्पष्ट यायला हवी.

अधिकारी जीएसटीचे असतील तर

प्रश्न आणि मोजणी बरीचशी सारखीच असते, पण अधिकार वेगळे आहेत. जीएसटीत तपासणीसाठी सहआयुक्त किंवा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याने दिलेले आयएनएस-०१ नमुन्यातील अधिकारपत्र लागते, आणि तेथे कर चुकवण्यासाठी दडवलेला माल जप्त करता येतो. नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी जागी लावलेले आहे का आणि गोदाम नोंदणीत दाखवले आहे का, हे तेथे हमखास पाहिले जाते. तपासणी चालू असताना जागेवरच कर भरून घेण्यासाठी दबाव आणू नये, अशी सूचना केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने २५ मे २०२२ रोजी आपल्या अधिकाऱ्यांना दिली आहे.

सहकार्य नाकारले तर काय होते

पुस्तके दाखवायला, मोजणी करू द्यायला किंवा माहिती द्यायला नकार दिला, तर अधिकाऱ्यांना समन्स काढून शपथेवर जबाब घेण्याचे अधिकार वापरता येतात, दंड होऊ शकतो आणि प्रकरण धाडीपर्यंतही जाऊ शकते. म्हणजे नकाराने सर्व्हे टळत नाही. रोकड आणि माल दुकानातच राहण्याचे जे संरक्षण सर्व्हेत मिळते तेवढे मात्र गमावले जाते.

अधिकारी गेल्यानंतरचे काही दिवस

निघण्यापूर्वी मालाच्या यादीची, रोकड मोजणीची आणि ताब्यात घेतलेल्या कागदांच्या यादीची प्रत मागून घ्यावी. संगणकातल्या हिशोबाची नक्कल घेतली असेल, तर तीही यादीत नमूद व्हावी. जबाबाची प्रत त्या दिवशी न मिळाल्यास लेखी अर्ज करावा. ताब्यात गेलेल्या पुस्तकांच्या छायाप्रती तातडीने मिळवाव्यात, कारण जीएसटीचे विवरणपत्र भरण्याची तारीख त्यांच्यासाठी थांबत नाही.

त्यानंतर सीएबरोबर बसून सर्व्हेच्या दिवसापर्यंतचे व्यापारी खाते नव्याने बनवावे, राहिलेली बिले मूळ तारखांनी, पण केव्हा नोंदवली हे न लपवता चढवावीत, आणि प्रत्येक फरकापुढे त्याचे कारण व पुरावा लिहून ते पत्र अधिकाऱ्याकडे पोच घेऊन द्यावे. जबाबात काही चुकीचे लिहिले गेले असल्यास त्याचा खुलासाही याच पत्रात करावा. आठवडाभरात पुराव्यासह केलेली दुरुस्ती विचारात घेतली जाण्याची शक्यता बरीच असते. वर्षभराने आकारणीची नोटीस आल्यावर केलेली दुरुस्ती 'नंतर सुचलेली' म्हणून बाजूला पडते.